समासातल्या तुटलेल्या अक्षरांविषयी

धरमपेठेतल्या घरातली वडिलांची पुस्तके विक्रीस काढताना ग्रेस यांच्या ‘संध्याकाळच्या कविता’ या एका संग्रहाची नोंद लिहिण्यात सबंध दुपार गेली. आवृत्ती मुखपृष्ठावरून ठरत नाही. शीर्षकपानाची मागची बाजू पाहावी लागते. पुनर्मुद्रणातही पहिल्या आवृत्तीचे साल छापलेले असते, तेव्हा ग्राह्य धरायचे ते शेवटचे. काही मराठी पुस्तकांत नुसते शकवर्ष आढळते. त्यात ७८ मिळवावेत (शकवर्षाच्या अखेरच्या सुमारे तीन महिन्यांसाठी ७९). आमच्या प्रतीवर १९६७ हे एकच साल आहे, म्हणजे ती पहिली आवृत्ती.

बांधणी मात्र मूळची नाही. पुन्हा बांधताना कडा कापल्या जातात आणि समास अरुंद होतो. या प्रतीतल्या पेन्सिलीच्या टिपांची शेवटची अक्षरे कडेला तुटली आहेत. शाईच्या टिपा तेवढ्याच जागेत दाटून, पण अखंड बसल्या आहेत. अर्थात पेन्सिल बांधणीआधीची, शाई नंतरची. वडिलांनी हा संग्रह दोनदा वाचला, हे मला असे कळले. विक्रेते नुसते ‘खुणा आहेत’ असे लिहितात. मी पृष्ठांक दिले, आणि छापील ओळ कुठेही झाकलेली नाही हेही नोंदवले.

वजन वेष्टनासह द्यावे. प्रत २३० ग्रॅम, पुठ्ठा आणि प्लॅस्टिक धरून ३१०. टपालखर्च पहिल्या आकड्यावर सांगितला, तर वरचा भुर्दंड आपल्याच खिशाला.

एका ग्राहकाने पेन्सिल खोडून पाठवाल का, असे विचारले. जुना कागद खोडरबराने खरवडतो, असे मी कळवले. ते खरेच आहे. नकाराचे कारण तेवढेच नव्हते.