नऊशे रुपये आणि नवाचा भागाकार

परवा रात्री नऊच्या सुमारास आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात साबण घ्यायला गेलो. शटर अर्धं खाली. शेठ गल्ला मोजून बसलेले, समोर कामाचा पोरगा रडवेला. गल्ल्यात नऊशे रुपये कमी. शेठ म्हणाले, "पत्रकार, तुम्हीच सांगा, नोटांना पाय फुटतात का? याच्या पगारातून कापणार."

डिप्लोमा करताना मी संध्याकाळी एका कापड दुकानात रोजमेळ लिहायचो. तिथले दिवाणजी म्हणायचे, आधी कागद तपासा, माणूस नंतर. म्हणून वही मागितली.

आधी हिशेबाची मांडणी पाहिली. विक्री २४,८६०, त्यात सकाळी गल्ल्यात ठेवलेले सुट्टे २,०००. यातून ऑनलाइन आलेले ७,४३०, उधारी १,९०० आणि गल्ल्यातून दिलेली हमाली ५६० वजा केली. म्हणजे रोख १६,९७० हवी, मोजली तर १६,०७०. मोबाइलवरची रक्कम पडताळली, नोटा पुन्हा मोजल्या. नऊशेचा फरक काही हलेना.

मग दिवाणजींची युक्ती काढली. फरकाला नवाने भाग द्या. पूर्ण भाग गेला, तर शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले गेल्याचा संशय घ्यायचा. ९०० भागिले ९ म्हणजे १००. शंभर आलं म्हणजे गडबड हजार आणि शतकाच्या घरात, आणि त्या दोन आकड्यांत फरक एकाचा. एखाद्या जास्तीच्या शून्यानेही, म्हणजे १०० चे १,००० झाले तरी, नऊशेचाच फरक पडतो.

वहीत हजाराची नोंद एकही नव्हती. हजाराचा आकडा शतकापेक्षा एकाने मोठा अशा नोंदी दोनच सापडल्या, २,१४० आणि ३,२५०. चिठ्ठ्या काढल्या. पहिली बरोबर. दुसऱ्या चिठ्ठीवर २,३५० होते!

झालं असं की, पोरगा चिठ्ठ्या वाचत होता, शेठ लिहीत होते. तो म्हणाला "तेवीसशे पन्नास". आपल्या मराठीत तेवीस म्हणताना तीन आधी येतो, वीस नंतर. घाईत हातानेही तीनच आधी लिहिला. वहीत विक्री नऊशेनं फुगली, गल्ल्यात एक रुपयाही कमी नव्हता.

ही युक्ती म्हणजे पुरावा नाही, हेही सांगतो. खरोखर नऊशे चोरीला गेले असते, तरी नवाने भाग गेलाच असता. भागाकार फक्त कुठं बघायचं ते दाखवतो, निकाल चिठ्ठीच देते. म्हणून दिवसाच्या चिठ्ठ्या फेकू नका, आणि लिहिणाऱ्याने ऐकलेली रक्कम एक-एक आकडा करून परत वाचून दाखवावी.

शेठ पोराला म्हणाले, "जा रे, जेव घरी जाऊन." माफी काही मागितली नाही. पण पगार वाचला.