‘पॅनेल गेलं’ असं मी आता लगेच म्हणत नाही

एलईडी टीव्ही ही दुरुस्त करायची वस्तू नाही, असं मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आलो. मी पिक्चर ट्यूबच्या काळात या धंद्यात आलो. तेव्हा सेट उघडला की बिघाड कुठे असेल याचा अंदाज यायचा. सपाट टीव्ही आले आणि माझं उत्तर ठरून गेलं. आवाज येतोय पण पडदा काळा, असं कुणी म्हणालं की मी सांगायचो, "पॅनेल गेलंय. त्या खर्चात थोडी भर घाला आणि नवाच घ्या."

या मताला आधार होता. नव्या पॅनेलची किंमत बहुतेक वेळा नव्या सेटच्या जवळपास जाते. शिवाय आतल्या दिव्यांपर्यंत पोचायचं तर पॅनेलची काच उचलावी लागते. ती इतकी पातळ असते की एका कोपऱ्यावर जोर पडला तरी तडकते, आणि तडकली की सेट भंगारात. त्यातूनही दुरुस्त केलेले काही सेट चार-सहा महिन्यांत पुन्हा काळे होऊन दुकानात यायचे. कशाला नसती उठाठेव, असं वाटायचं.

आमच्याच गल्लीतल्या एक काकू त्यांचा ३२ इंची टीव्ही घेऊन आल्या. माझं ठरलेलं उत्तर ऐकून म्हणाल्या, "अहो, मालिका ऐकू येते, रिमोटनं चॅनेल बदलतं, आवाज कमी-जास्त होतो. मग गेलं ते नेमकं काय?" प्रश्न बिनतोड होता. आवाज येतो आणि रिमोट चालतो, म्हणजे मदरबोर्ड जिवंत आहे. उरतं ते चित्र आणि त्याच्यामागचा उजेड. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माहीत होतं. पण निदान करताना मी त्या एकाच पिशवीत भरत होतो.

एलईडी टीव्ही म्हणजे मुळात एलसीडीच. पॅनेल स्वतः उजेड देत नाही, मागून आलेला उजेड कुठे सोडायचा आणि कुठे अडवायचा एवढंच करतं. मागचे एलईडी बंद पडले तरी पॅनेल आपलं काम करत राहतं. चित्र तयार होतं, फक्त अंधारात.

ते पाहायचं कसं? दुकानाचं शटर अर्धं ओढलं, ट्यूबलाइट बंद केली, टीव्ही चालू ठेवून रिमोटवरून मेनू उघडला. प्रखर बॅटरी काचेच्या अगदी जवळ, तिरकी धरली. समोरून धरली तर काचेचीच चमक डोळ्यात येते आणि काही दिसत नाही. हळूहळू बॅटरी सरकवली तेव्हा राखाडी सावलीसारखी मेनूची चौकट दिसली. रिमोटचं बटण दाबलं की त्यातली पट्टी खाली सरकत होती. पॅनेल शाबूत होतं.

हे चित्र इतकं पुसट का असतं, तेही समजून घेण्यासारखं आहे. पांढरा रंग दाखवत असतानाही पॅनेल मागच्या उजेडाचा अगदी थोडाच भाग पुढे सोडतं. बाकीचा पोलरायझर आणि रंगांच्या गाळण्या खाऊन टाकतात. बॅटरीचा उजेड आधी पॅनेलमधून आत जातो, मागच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि पुन्हा त्याच पॅनेलमधून बाहेर येतो. दोनदा कापला गेल्यावर उरणार किती? म्हणून भर दुपारी उजेडाच्या हॉलमध्ये हाच प्रयोग केला तर काहीच दिसत नाही आणि माणूस पॅनेल गेल्याचा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

उलट खूणही असते. अंधारात पडद्यावर मंद करडी झाक दिसते, मागच्या जाळीतून उजेड डोकावतो, पण बॅटरी कितीही फिरवली तरी चित्र नाही. अशा वेळी बॅकलाइट ठीक आहे आणि दोष टी-कॉन बोर्डात, रिबनमध्ये किंवा खरंच पॅनेलमध्ये आहे.

बॅटरी मात्र एवढंच सांगते की उजेड नाही. पट्ट्या गेल्या, की त्यांना वीज देणारा ड्रायव्हर, की मदरबोर्डकडून येणारा ‘चालू हो’ हा इशारा, हे ती सांगत नाही. काकूंच्या सेटमध्ये टीव्ही लावताच पडदा क्षणभर उजळून काळा व्हायचा. मीटर ड्रायव्हरच्या कनेक्टरवर धरला तर व्होल्टेज उसळी मारून लगेच खाली पडत होतं. म्हणजे ड्रायव्हर प्रयत्न करत होता, पण माळ पूर्ण होत नसल्यामुळे स्वतःला आवरून घेत होता. व्होल्टेज वाढलंच नसतं, तर मी पट्ट्यांना हात लावला नसता. हे मोजमाप मात्र घरी कुणी करू नये. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकतात.

आत ३ पट्ट्या होत्या, प्रत्येकीवर ७ एलईडी. दिवाळीच्या जुन्या माळेसारखे सगळे एकामागोमाग जोडलेले, एक गेला की सगळा अंधार. टेस्टर लावला तर दोन पट्ट्या पेटल्या. तिसरीवर एकेक एलईडी तपासत गेलो. मधल्या एकाचं भिंग काढलं तर पिवळ्या ठिपक्याच्या मधोमध काळा डाग होता.

पूर्वी मी तेवढा एकच एलईडी बदलला असता. दुरुस्त केलेले सेट परत का येतात, याचं उत्तर इथंच मिळालं. एकवीसही एलईडी तितकेच तास, तितक्याच उष्णतेत जळलेले असतात. एक बदलला की पुढच्या जुन्याची पाळी. आणि त्यांना मारतो तो करंट. दुकानात सेट झगमगता दिसावा म्हणून बॅकलाइट बऱ्याचदा शंभरावर ठेवलेली असते आणि घरीही ती तशीच राहते. म्हणून मी तिन्ही पट्ट्या बदलल्या. त्या पत्र्याला पूर्ण टेकून बसल्या आहेत ना, हे पाहिलं, कारण त्यांची उष्णता पत्र्यातूनच बाहेर जाते. मग ड्रायव्हरवर करंट ठरवणाऱ्या समांतर रेझिस्टरपैकी एक काढून करंट थोडा उतरवला. सगळ्या बोर्डांवर हे जमत नाही. तिथे मेनूतली बॅकलाइट साठ-सत्तरवर आणून ठेवावी. घरात बसून पाहणाऱ्याला फरक क्वचितच जाणवतो.

पट्ट्यांचा संच काही शे रुपयांत मिळतो. खरी किंमत काच उचलण्याच्या कौशल्याची असते. दोन माणसं, सक्शन कप, रिबनला ताण न देता काच सरळ वर घ्यायची आणि पांढरे पडदे ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत ठेवायचे. मध्ये धुळीचा एक कण राहिला तरी तो नंतर रोज दिसतो.

एलईडी टीव्ही दुरुस्त होत नाही, हे माझं मत आता उरलेलं नाही. मात्र सरसकट दुरुस्त करा, असंही मी म्हणत नाही. ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, मागे बॅकलाइट नसते, त्यामुळे तिथे बॅटरीच्या या तपासणीला अर्थ नाही. काचेला आधीच तडा असेल किंवा पडद्यावर रेघा असतील तर पट्ट्यांवर पैसे घालवू नका, असंच मी सांगतो. मोठ्या काचेचा सेट आला की धोका आधी समजावतो. हमी मी पट्ट्यांची देतो, काचेची देत नाही. ते गिऱ्हाइकाला पटलं, तरच स्क्रू काढायला घेतो.