मिलि आणि मायक्रो

तळोज्याजवळच्या एका फॅब्रिकेशन यार्डात रात्री पाइपांच्या वेल्डिंगची रेडिओग्राफी चाले. तिथल्या सुरक्षा सूचनेचा मराठी मजकूर मी करत होते. इरिडियम-१९२ चा सोर्स, क्षमता २० क्युरी, म्हणजे ७४० गिगाबेकरेल. सोर्स कॅमेऱ्याबाहेर असताना दोरी कुठे बांधायची, हे त्या फलकावर सांगायचे होते: ताशी १० मायक्रोसिव्हर्टपेक्षा जास्त रीडिंग येईल तिथे कोणी जाऊ नये.

छापखान्यातून प्रूफ आले. फॉन्ट बदलताना µ चे m झाले होते. मूळ इंग्रजी फाइलमध्ये ते चिन्ह सिम्बॉल फॉन्टमध्ये होते आणि त्या फॉन्टमधले मायक्रो आतून नुसते m असते. फॉन्ट गेला की मिलि उरतो. वाचताना काही खटकत नाही, म्हणून मी हिशोब करून पाहिला. आडोसा नसेल तर या सोर्सपासून १ मीटरवर ताशी सुमारे १०० मिलिसिव्हर्ट. अंतर दहापट केले की दर शंभरपट उतरतो, म्हणजे १० मीटरवर १ मिलिसिव्हर्ट आणि १०० मीटरवर १० मायक्रोसिव्हर्ट. दोरी शंभर मीटरवर हवी होती. प्रूफ मात्र तिला जेमतेम तीन मीटरवर आणत होते! आणि सामान्य माणसाची वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे. दहा मीटरवर तासभर उभे राहिले तरी ती संपते.

मग ‘मिसि’, ‘मासि’ असली संक्षिप्त रूपे मी काढूनच टाकली. एका काना-वेलांटीवर हजारपटीचा फरक सोपवायचा कशाला? मिलिसिव्हर्ट आणि मायक्रोसिव्हर्ट पूर्ण लिहिले, शेजारी मीटरवर दिसते तसे µSv/h ठेवले. ‘ताशी’ कुठेच गाळले नाही, कारण दर आणि साचलेला डोस यांना एकच सिव्हर्ट लागतो.

‘शिल्डिंग’चे वाक्य मात्र रेडिओग्राफर काकांमुळे बदलले. “ताई, नुसते पोलादाचे दोन थर लिहिलेत तर पोरांना वाटेल की काम झालं,” ते म्हणाले. इरिडियमचा मारा निम्मा करायला सुमारे १३ मिलिमीटर पोलाद लागते. आणखी तेवढेच घातले तर चौथाई उरते, शून्य होत नाही. तसेच लिहिले. क्षमतेपुढे तारीखही घातली, कारण साधारण ७४ दिवसांत ७४० चे ३७० होतात.

काकांचा जुना मीटर मात्र mR/h दाखवायचा. त्याच्यासाठी एक ओळ वाढवली: १ mR/h म्हणजे जवळपास १० µSv/h. असा फलक तुमच्याकडे लागणार असेल, तर साइटवरचा मीटर त्याच्याशेजारी धरा; पडद्यावरचे एकक फलकावर नसेल तर तो छापू देऊ नका.