समासातल्या पेन्सिलीच्या खुणा

निवेदनाची संहिता मी नेहमी पानाच्या डाव्या दोन तृतीयांश भागातच छापतो. उजवीकडचा समास मोकळा लागतो. अक्षर मोठे, दोन ओळींत भरपूर अंतर, संहितेतल्या प्रत्येक ओळीला क्रमांक आणि कुठलेही वाक्य अर्धे राहून पुढच्या पानावर जाणार नाही, एवढे पाहिले की पान तयार. वाक्य मध्येच तुटले तर पान उलटताना कागद वाजतो आणि माइक ते बरोबर टिपतो. क्रमांक असले की काचेपलीकडून नुसते ‘सातवी परत घेऊ’ म्हणता येते. खरे काम यानंतर, पेन्सिल हातात घेऊन समासात चालते.

सध्या समोर साखरखेर्ड्याचे पान आहे. बुलढाणा जिल्हा, सिंदखेडराजा तालुका. जिजाऊंच्या जन्मगावाचा तालुका म्हटले की लोकांना पटकन कळते, पण खुद्द साखरखेर्ड्याला 1724च्या ऑक्टोबरात काय घडले ते फार थोड्यांना ठाऊक असते. दिल्लीची वजिरी मागे टाकून दख्खनेत परतलेला निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझ खान यांची इथे गाठ पडली. मुबारिझ खान मारला गेला. निजामाने विजयाची खूण म्हणून गावाला फत्तेखेर्डा असे नाव दिले. हैदराबादची आसफजाही 1724पासून मोजतात, ती या लढाईमुळे. ती 1948पर्यंत टिकली. एवढा सगळा मजकूर आठ ओळींत, मिनिटभरात आवाजातून पोचवायचा आहे. मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द ही मराठी निवेदनाची सुखाची चाल. त्याहून जास्त शब्द कोंबले की वाचणाऱ्याला श्वास चोरावा लागतो.

समासात काय लिहायचे, यापेक्षा काय लिहायचे नाही, हे आधी ठरवावे लागते. ‘गंभीरपणे’, ‘अभिमानाने’, ‘भारदस्त’ असले शब्द मी लिहीत नाही. ‘गंभीरपणे’ वाचले की निवेदक आवाज खाली नेतो, वाक्याच्या शेवटी आणखी खाली, आणि आठही ओळी एकाच उतारावरून घरंगळत येतात. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू यांचे आवाज आकाशवाणीवर ऐकत वाढलेल्या माणसाला माहीत असते की ते आवाज पोचले ते बोलण्यामुळे, वजनामुळे नव्हे. म्हणून समासात भावना लिहायची नाही. या वाक्यात नवी गोष्ट कोणती, आधी सांगून झालेली कोणती आणि थांबायचे कुठे, एवढेच लिहायचे.

पहिलीच ओळ घ्या: ‘बुलढाणा जिल्ह्यातले साखरखेर्डा.’ वाचणाऱ्याचा जोर सहज ‘बुलढाणा’वर पडतो, कारण तो शब्द आधी येतो. समासात मी लिहिले, ‘गावाच्या नावाखाली रेघ; जिल्हा जाता जाता.’ आणि त्याखाली, ‘खेर्-डा, र पूर्ण.’ घाईत तो र हरवतो आणि नुसते ‘खेडा’ ऐकू येते. गावच्या माणसाच्या कानाला हे लगेच टोचते. नावे वाचणाऱ्याच्या अंदाजावर कधीच सोडू नयेत. निजाममधला ज ‘जरा’तला, ‘जय’मधला नव्हे, हेही समासात. साल अंकांत ठेवले तर कुणी ‘एक हजार सातशे चोवीस’ वाचून मोकळा होतो, म्हणून ते संहितेतच अक्षरांत हवे, सतराशे चोवीस.

तिसरी ओळ अशी होती: ‘एकीकडे दिल्लीची वजिरी सोडून दख्खनेत परतलेला निजाम-उल-मुल्क आणि दुसरीकडे त्याला अडवायला निघालेला हैदराबादचा सुभेदार मुबारिझ खान उभा होता.’ समासात सूचना लिहू लागलो: निजामानंतर श्वास, ‘दुसरीकडे’ वर उचल, ‘अडवायला’ पुसट होऊ नये, शेवटचे ‘उभा होता’ टाकून देऊ नये. चार सूचना झाल्यावर हात थांबवला. एका वाक्याला इतकी डागडुजी लागत असेल, तर दोष वाचणाऱ्याच्या वाट्याला टाकण्यात अर्थ नसतो. वाक्याचे दोन तुकडे केले: ‘निजाम-उल-मुल्क दिल्लीची वजिरी सोडून दख्खनेत परतला होता. त्याला अडवायला हैदराबादचा सुभेदार निघाला, मुबारिझ खान.’ आता समासात एकच खूण उरली, ‘निघाला’नंतरची छोटी तिरपी रेघ. एक तिरपी रेघ म्हणजे जेमतेम अर्ध्या सेकंदाचा विराम, दोन रेघा म्हणजे पुरता श्वास. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी संहिता तपासण्याचा हा सगळ्यात मोठा फायदा. स्टुडिओत मीटर चालू झाल्यावर वाक्य मोडून बांधायला कुणाचीच तयारी नसते.

चौथी ओळ तीन शब्दांची आहे: ‘खान लढाईत पडला.’ इथे सूचना, ‘लढाईत पडला हे एकसंध, मध्ये थांबू नये.’ ‘लढाईत’नंतर श्वास घेतला की ‘पडला’ एकटा उरतो आणि ऐकणाऱ्याला कुणीतरी अडखळून पडल्यासारखे वाटते. कागदावर हा धोका दिसत नाही. मोठ्याने वाचल्यावरच कळतो.

पाचवी ओळ, फत्तेखेर्ड्याची, तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात खोडकर. ‘फ’ उच्चारताना तोंडातून हवेचा झोत सुटतो आणि तो सरळ माइकवर आदळला तर हेडफोनमध्ये भप्प असा दणका बसतो. निवेदकाला ‘हळू म्हणा’ सांगितले तर शब्दच मरतो, आणि इथे तर तो जिंकणाऱ्याच्या तोंडचा शब्द आहे. म्हणून समासात, ‘आवाज तोच, तोंड किंचित बाजूला.’ माइकच्या अगदी समोर न बोलता थोडे तिरपे बोलले की झोत बाजूने निघून जातो.

याच ओळीवर एका अनुभवी निवेदिकाताईंनी मला फोनवर विचारले, “दादा, हे नाव ठेवलं, ते सांगताना मी कोणाच्या बाजूने आहे?” मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. मी म्हणालो, “ताई, तुम्ही गावात बसून गावालाच सांगताय. निजामाचा जयघोष नाही आणि तक्रारही नाही.” त्यांनी तेवढेच पेन्सिलीने लिहून घेतले. भावनेचे नाव न घेता, ‘कोण कुणाला सांगतंय’ हे कळले की बाकीचा सूर वाचणाऱ्याला आपोआप सापडतो. निवेदकाला वाक्य वाचून दाखवून ‘असं म्हणा’ सांगणे मी म्हणूनच टाळतो. मग तो माझी नक्कल करतो आणि नकलेत श्वास माझ्या जागी पडतात, त्याच्या नाही.

सातवी ओळ पालखेडची. लढाईनंतर चार वर्षांच्या आत, 1728मध्ये, बाजीरावांनी निजामाला पालखेडला कोंडीत पकडले. ‘याच निजामाला’ असे वाक्यात आहे आणि जोर फक्त ‘याच’वर हवा. ‘बाजीरावांनी’वर जोर गेला की ऐकणारा लगेच विजयाच्या मिरवणुकीत जातो आणि साखरखेर्ड्याशी लागलेला दुवा तुटतो. एका वाक्याला एकच जोर, हा माझा हट्ट आहे. दोन शब्द उचलले की दोन्ही खाली बसतात.

आठव्या ओळीत सांगितले आहे की गाव आजही साखरखेर्डा याच नावाने ओळखले जाते. तिच्या समासात काहीही लिहिलेले नाही. पहिल्या टेकमध्ये ताई ती कशी घेतात ते ऐकायचे, आणि बिनसले तरच बोलायचे. सगळ्या ओळींना खुणा केल्या की वाचणारा खुणा वाचू लागतो.

तुम्ही स्वतः संहिता लिहीत असाल तर ती किमान एक दिवस आधी पाठवा, नावांचे उच्चार वेगळ्या कागदावर द्या, आणि पाठवण्याआधी दार लावून एकदा संपूर्ण मोठ्याने वाचा. जिथे तुमचा स्वतःचा श्वास संपतो, तिथे आधी वाक्य दुरुस्त करा, मग समासाकडे वळा.