शेप्याचं कलम

आज सोयाबीनचं काही नाही, आंब्याच्या काडीचं आहे. आणि थोडं घरचं.

पोराचं लग्न यंदाच्या एप्रिलात झालं. परवा बांधावर बसून मोबाईलवर घड्याळं बघत होता. म्हणलं काय रे, तर म्हणे पुढच्या एप्रिलात लग्नाचा पहिला वाढदिवस येतोय, हिला काहीतरी द्यावं लागंल, आत्तापासून पैसे बाजूला टाकतो. घड्याळ साडेचार हजाराचं. सोयाबीनचा भाव तुम्हाला माहीतच आहे. मी म्हणलं, आत्तापासून लागायचं हे बरोबर आहे, पण पैसे टाकायला नको. मग त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो, कारण काडी तोडायचा हंगाम आत्ताच आहे.

आमचं लग्न 1996 च्या मे महिन्यात झालं. त्याच वर्षी आषाढ अधिक होता, म्हणजे धोंड्याचा महिना. नवा जावई म्हणून सासरवाडीला बोलावणं आलं. सासरवाडी बालाघाटाच्या डोंगरात. पुरणाचे धोंडे झाले, मान झाला, आणि शेवटी आढीतला राहिलेला आंबा आला. हा त्यांच्या विहिरीवरचा शेप्या. ज्यांनी खाल्लाय त्यांना ठाऊक, पिकला की शेपूच्या भाजीसारखा वास मारतो. आमच्या घरात कोणालाच तो आवडत नाही. माझी आई तर म्हणायची, आंबा आहे का भाजी? पण आमच्या घरच्यांचं सगळं बालपण त्या झाडाखाली गेलेलं. मेच्या लग्नात सुद्धा हळदीच्या अंगानं दोन आंबे खाल्ले म्हणे.

जेवण झाल्यावर धाकटा मेहुणा मला विहिरीकडं घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "दाजी, झाड इकलंय. दिवाळीनंतर लाकूडवाला तोडणार. ताईला सांगू नका."

का विकलं ते विचारायची गरज नव्हती. लग्नाचं देणं होतं. ज्या मांडवात मी फेटा बांधून बसलो त्याच मांडवाचे पैसे. मामांना मी काय बोलणार, आणि माझ्याकडं तरी काय होतं? वडलांच्या हातात सगळा व्यवहार, माझ्या खिशात एसटीच्या भाड्यापुरते.

पण सांगू नका म्हणून काय होतं, दोन दिवसांत तिला कळलंच. येताना तिनं शेप्याच्या तीन कोया पदरात बांधून आणल्या आणि आमच्या विहिरीच्या पाटावर लावल्या. "माझं झाड हितं येईल," म्हणाली.

इथंच अडचण होती, आणि ती मला तिला सांगवली नाही. आपल्याकडच्या गावरान आंब्याच्या कोयीतून तोच आंबा येत नाही. फुलात दुसऱ्या झाडाचा पराग पडलेला असतो, म्हणून कोय म्हणजे लेकरू, आईची नक्कल नव्हे. शेप्याची कोय लावली तर गोड येईल, आंबट येईल, शेपूचा वास येईल की नाही याचा भरवसा नाही. तोच आंबा पाहिजे तर त्याच झाडाची काडी पाहिजे, आणि झाड दिवाळीपर्यंतच उभं होतं.

पहिला प्रयत्न मी अडाण्यासारखा केला. धोंड्याहून निघतानाच सात-आठ फांद्या पानासकट तोडल्या, पिशवीत कोंबल्या, तिला म्हणलं देवाला पाला. एसटीत पाच तास, घरी आल्यावर रात्रभर ओसरीत, दुसऱ्या दिवशी दुपारी कलमं बांधली. आठवड्यात सगळ्या काड्या काळ्या. पान असलेली काडी तोडल्यावर पानातून पाणी उडत राहतं, काडी आतून सुकते. वरून हिरवी दिसते म्हणून आपण फसतो. नखानं साल जरा खरवडून बघायची. आत हिरवं ओलं असलं तर जिवंत, तपकिरी असलं तर सरपण.

मग तालुक्याच्या रोपवाटिकेतल्या माळ्याला गाठलं. बिडी पाजली, त्यानं सगळं सांगितलं. काडी त्याच वर्षीच्या पालवीची, तीन-चार महिन्यांची, शेंड्याची, पेन्सिलीएवढी जाड घ्यायची. मोहोर येऊन गेलेली नको. तोडायच्या आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पानं कापायची, पण देठ ठेवायचे. झाडाला वाटतं पानं गेली, म्हणून ते डोळ्यात जीव ओततं. देठाला बोट लावलं की देठ गळून पडला आणि शेंड्याचा डोळा फुगलेला दिसला, की काडी तयार. डोळा फुटून पालवी निघाली तर उशीर झाला.

मेहुण्याला पत्र टाकलं. पोरगं नववीत होतं, पण कामाचं. नागपंचमीला बहिणीला न्यायला मुऱ्हाळी म्हणून तोच येणार होता. दहा दिवस आधी झाडावर चढून त्यानं दहा काड्यांची पानं कापली, निघायच्या पहाटे काड्या तोडल्या, ओल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून वरून केळीचं पान बांधलं आणि पिशवीत धपाट्यांच्या खाली ठेवून आणल्या. संध्याकाळी गोठ्यात माझ्या हातात दिल्या. सकाळी बहिणीला घेऊन गेला. मला मोकळं रान मिळालं.

तिच्या कोयांना मी हात लावला नाही. त्या नुकत्याच उगवलेल्या होत्या आणि तिला लगेच कळलं असतं. विहिरीच्या मागं आदल्या वर्षी फेकलेल्या कोयांची रोपं होती, वर्षाची, पेन्सिलीएवढी. पाऊस झालेला, त्यांना तांबूस कोवळी पालवी आलेली. असाच खुंट पाहिजे. जमिनीपासून वीतभर उंचीवर कोवळ्या भागात शेंडा छाटला, मधोमध दोन बोटं लांबीची उभी चीर दिली. काडीचं खालचं टोक तेवढ्याच लांबीत दोन्ही बाजूंनी तासून पाचर केली. काप एका ओढीत, गुळगुळीत. ब्लेड दाढीचं, पण कोरं. करवत फिरवल्यासारखा काप झाला तर मधे हवा राहते आणि जोड कुजतो. पाचर चिरेत बसवली. खुंट नि काडी सारख्या जाडीची नसली तर निदान एका बाजूची साल सालीला भिडली पाहिजे, मधोमध ठेवली तर दोन्हीकडून गेली. मग प्लास्टिकच्या पट्टीनं खालून वर घट्ट आवळलं. वरून टोपी घातली पेप्सीकोल्याच्या रिकाम्या नळीची, गल्लीतल्या पोरांकडून गोळा केली होती. टोपीनं आत दमट राहतं, काडी सुकत नाही.

दहा बांधली. अठरा-वीस दिवसांत सहाचे डोळे फुटले. पालवी टोपीला टेकली तशा टोप्या काढल्या.

यानंतर जे गेलं ते माझ्या हातानं गेलं. जोडाच्या खाली खुंटाला स्वतःचे फुटवे येतात. ते दर आठवड्याला नखानं खुडायचे असतात, नाहीतर सगळी ताकद तेच खातात. मी मूग काढायच्या गडबडीत तीन आठवडे फिरकलो नाही. दोन कलमं अशी गेली, खाली रोप जोरात आणि वर काडी वाळलेली. एकाची पट्टी सोडायची राहिली, अडीच-तीन महिन्यांनी सोडायला पाहिजे होती, खोड फुगलं आणि पट्टीनं गळा आवळला, वाऱ्यानं तिथंच मोडलं. एक शेळीनं खाल्लं. शेळी आमचीच.

दिवाळीनंतर झाड तुटलं. भाऊबीजेहून ती परत आली तेव्हा दोन-तीन दिवस धड बोलली नाही. एकदा वाटलं सांगून टाकावं. पण दोनच कलमं उरली होती, ती पण गेली असती तर? कोयांना मात्र ती रोज तांब्यानं पाणी घालायची, आणि मी बघत राहायचो.

फेब्रुवारीत एका कलमाला मोहोर आला. लोकांना नवल वाटतं, पण काडी म्हाताऱ्या झाडाची असते, तिला वय माहीत असतं. मोहोर बघून खूश व्हायचं नाही, खुडायचा. पहिली तीन वर्षं फळ धरलं तर झाड तिथंच बसतं. मी खुडला. उन्हाळ्यात दुसऱ्याच्या बुडाला वाळवी लागली, आणि एकच राहिलं. त्याला तुराट्यांचा आडोसा केला, एक दिवसाआड घागरभर पाणी दिलं.

गावात तेव्हा लग्नाचा वाढदिवस कोणी करत नव्हतं. पण शाळेतल्या गुरुजींनी त्यांच्या बायकोला साडी आणलेली आमच्या घरच्यांनी बघितली होती, आणि दोनदा सहज म्हणून सांगितली पण होती. मे 1997, सकाळी ऊन व्हायच्या आत तिला विहिरीमागं नेलं आणि तुराट्या बाजूला केल्या. दीड-दोन फुटांचं झाड.

म्हणली, "हे काय?"

"तुमचा शेप्या."

"शेप्या तोडला की. हे शेप्याच कशावरून?"

बरोबर होतं तिचं. पानावरून तिला ओळखू येईना. मग जोड दाखवला. खालचं खोड हे आपलं, इथून वरचं तुमच्या विहिरीवरचं, तुझ्या भावानं धपाट्याखाली आणलंय. ती खाली बसली आणि जोडावर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "दादांना माहितीय का?" दादा म्हणजे तिचे वडील. म्हणलं नाही. "सांगू नका, झाड धरल्यावर सांगू."

सगळा खर्च एसटीचं भाडं, ब्लेड, बिड्या धरून तीस रुपयांच्या आत.

2001 ला पहिली फळं धरली, अकरा. मामा आले होते. त्यांच्यापुढं कापला, वास सुटला, आई नाक दाबून आत गेली. मामांनी खाल्ला, कोय चोखत बसले, बोलले काहीच नाहीत. जाताना झाडापाशी जाऊन आले. तिच्या कोयांतलं एक झाड पण आहे पाटावर, त्याला शेपूचा वास नाही. आंबट येतं, लोणच्याला चांगलं. तिनं ते तोडू दिलं नाही.

पोराला म्हणलं, सूनबाईच्या माहेरी दारात गोटी आंबा आहे, काडीला तू जा. तो म्हणे घड्याळ पण घेतो बाबा. घे म्हणलं. पण तिच्या भावाला आज फोन कर, पानं कापायला सांग, देठ ठेवून. आपल्याकडच्या खुंटाला तांबडी पालवी आलीय, पंधरा दिवसांत हिरवी होईल.