आज्जीचं रगत

लेकीला तिसरा महिना लागला आणि निपाणीच्या घरात कागदांची फाईल आली. रक्त, लघवी, थायरॉईड, साखर, सोनोग्राफी. माझी आई, म्हणजे लेकीची आज्जी, एकेक कागद हातात घेऊन बघायची. "आमच्या येळेला सुईण यायची, पोटाला हात लावायची, झालं. एवढं रगत कशाला गं काढत्यात?" तिची तिन्ही बाळंतपणं घरातच झाली. न्हाणीशेजारची अंधारी खोली, पोतं, विळा आणि गरम पाणी.

ती अडली एका ओळीवर. लेकीचा रक्तगट बी निगेटिव्ह, जावयाचा पॉझिटिव्ह. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बाळ वडिलांवर गेलं तर बाळंतपणात त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर ते परकं समजतं आणि त्याच्याविरुद्ध तयारी करून ठेवतं. पहिलं मूल सहसा सुखरूप येतं. पुढच्या बाळाच्या रक्तपेशी मात्र ती तयारी पोटातच फोडायला लागते. बाळ फिकट होतं, जन्मल्यावर काही तासांतच पिवळं पडतं.

"पिवळं?" आई म्हणाली, आणि गप्प बसली.

मी थोरली, १९५६ ची. माझ्या पाठचा भाऊ जन्मला त्याच दिवशी हळदीसारखा झाला. महिनाभर कोवळ्या उन्हात धरला, जगला. त्याच्या पाठची मुलगी दुसरा दिवस बघू शकली नाही. बायका म्हणाल्या, दृष्ट लागली. सासू म्हणाली, गरोदरपणात हिनं अंथऊ चुकवला, दिवस मावळल्यावर जेवली. हे बोलणं आईनं पन्नास वर्षं पोटात ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच लॅबमध्ये गेली, बोट पुढं केलं. ओ निगेटिव्ह. बाळ पिवळं पडायला दुसरीही कारणं असतात, त्यामुळं आता खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही. पण उलगडा जुळत होता. आणि ह्याच्यावरचं अँटी-डी इंजेक्शन वापरात आलं १९६८ मध्ये. ती मुलगी गेली १९६२ ला.

लेकीची कूम्ब्ज टेस्ट झाली. तयारी आधीच झाली असेल तर इंजेक्शनचा उपयोग नसतो, म्हणून ती बघतात. निगेटिव्ह आली. अठ्ठाविसाव्या आठवड्यात एक इंजेक्शन झालं, बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला म्हणून बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. आज्जी दवाखान्यात तास मोजत बसलेली. नर्सबाईला तिनं तीनदा विचारलं असंल.

गर्भपात झाला तरी हे इंजेक्शन लागू शकतं, हेही तिनं कुठंतरी कान देऊन ऐकलं होतं. परवा शेजारची सून, दोन महिन्यांचं गेलेली, दारात आली. आईनं तिला आधी पाटावर बसवलं, चहा दिला, मग हळूच विचारलं, "काय गं, तुझं रगत कुठल्या गटाचं, बघितलंयस का?"