खाचेतला पत्रा

पेनड्राइव्ह लॅपटॉपला तसाच लावलेला होता आणि मुलीने लॅपटॉप पलंगावरून उचलला. गादीच्या कडेला पेनड्राइव्ह अडकला आणि मोडला. हातात आला तो हिरवा पट्टा, त्यावरची काळी चिप आणि सोनेरी पट्ट्यांची छोटी जीभ. भोवतीचं पत्र्याचं चौकोनी कवच मात्र लॅपटॉपच्या खाचेतच राहिलं, तेही कडेशी इतकं समतल की पक्कडीला धरायला जागाच नाही. तिच्या प्रबंधाचा मजकूर चिपमध्ये होता आणि चिप हातात होती, म्हणून त्याची काळजी नव्हती. काळजी होती ती खाचेची.

तिने चिमटा उचलला. मी तिचा हात धरला, कारण लॅपटॉप चालू होता. या खाचेत आत एक पातळ जीभ असते आणि तिच्यावर चार पट्ट्या. एका टोकाच्या पट्टीवर ५ व्होल्टचा दाब असतो, दुसऱ्या टोकाची जमिनीशी, म्हणजे ग्राउंडशी जोडलेली असते. बाहेरचा पत्राही ग्राउंडलाच असतो. चिमट्याचं टोक त्या पहिल्या पट्टीला आणि पत्र्याला एकाच वेळी टेकलं की झालं शॉर्ट. माणसाला ५ व्होल्टने काही होत नाही, पण पोर्टला होऊ शकतं. बहुतेक यंत्रांत अशा वेळी वीज तोडण्याची सोय असते, पण तिच्या भरवशावर लोखंड आत घालणं मला पटत नाही.

नुसतं शटडाउन करूनही भागत नाही. कित्येक लॅपटॉप बंद असतानाही एखाद्या पोर्टमधून फोन चार्ज करू देतात, म्हणजे तिथे वीज असतेच. आमचा लॅपटॉप जुना, खालची बॅटरी खिट्टी सरकवून निघणारी. चार्जर काढला, बॅटरी काढली, मग आत उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं. बॅटरी आत बसवलेली असेल तर मागचं झाकण उघडून तिची जोडणी सोडवावी लागते. ते जमत नसेल तर पुढचं कामही घरी करू नये.

आईने शिवणाच्या डब्यातून क्रोशाची सगळ्यात बारीक पोलादी सुई काढून दिली. "जाळीची लेस मी जिने करायचे," ती म्हणाली, "तीच ही." टोकाला इवलासा आकडा. याहून चांगलं हत्यार मी शोधूनही आणलं नसतं.

टॉर्च धरून पाहिलं. पोर्टची जीभ वरच्या अंगाला होती. खालची निम्मी जागा, जिथे पेनड्राइव्हची जीभ असायची, ती रिकामी. सुई तिथूनच घालायची. त्या कवचाच्या तळाला दोन चौकोनी भोकं असतात. पेनड्राइव्हवर आपण ती रोज पाहतो आणि कशासाठी आहेत हे विचारत नाही. पोर्टच्या पत्र्याला लवचिक स्प्रिंगा असतात, त्यांचे उंचवटे या भोकांत बसतात. पेनड्राइव्ह लावताना शेवटी जो हलका अडथळा जाणवतो तो त्यांचाच. म्हणजे तुकडा अडकला होता तो त्या स्प्रिंगांमुळे, आणि सुईला धरायला जागा होती ती त्याच भोकांच्या कडेची.

पहिल्या खेपेला मी चुकले. आकडा उजव्या भोकात अडकवून ओढलं, तर कवच तिरकं झालं, डावा कोपरा आतच रुतला आणि पोर्टची जीभ किंचित वर वाकताना दिसली. लगेच थांबले. ती जीभ तुटली तर पोर्ट संपला. कवच बोटाने हलकेच ढकलून पुन्हा सरळ केलं. स्प्रिंगांचे उंचवटे गोलसर असतात, त्यामुळे सरळ ओढलं तर त्या आपोआप मागे सरतात. तिरकं ओढलं की भोकाची कड त्यांच्यावर चढते आणि अडते. मग टोक वाकवलेली एक टाचणी मुलीच्या हाती दिली. तिने डावं भोक धरलं, मी उजवं. एकदा तिने केसभर, एकदा मी केसभर. सातआठ वेळा असं झाल्यावर कवचाची कड खाचेबाहेर डोकावली. तेव्हा चिमटा. तो पत्रा मग गुपचूप निघाला.

फेव्हिक्विकचा थेंब लावून काडी चिकटवण्याचा सल्ला शेजारून आला होता. तो ऐकू नका. थेंब पट्ट्यांवर ओघळला की पोर्ट कायमचा जातो. आणि फोनच्या टाइप-सी खाचेत हा प्रयोग घरी करू नका. तिथली मधली जीभ एक मिलिमीटरहूनही पातळ असते आणि मोडलेला तुकडा तिच्याभोवती सर्व बाजूंनी बसलेला असतो. भिंगाखाली काम करणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे न्या.

बॅटरी लावण्याआधी पुन्हा टॉर्च मारला. जीभ सरळ होती, चारही पट्ट्या समांतर होत्या, पत्र्याचा कीस उरला नव्हता. पहिल्यांदा त्या खाचेत लावला तो जुना माउस, पेनड्राइव्ह नाही. माउसचा लाल दिवा लागला.